ईएमए मॉडेल मूळ मॉडेलपेक्षा वाईट का निघतं: 0.9999 हा आकडा आणि ट्रेनिंगची लांबी

प्रश्न: वेट्सची ईएमए, म्हणजे जुन्या स्टेप्सचा भार हळूहळू कमी करत जाणारी चालू सरासरी, ठेवली की शेवटचं मॉडेल सुधारतं असं सगळीकडे वाचलं, म्हणून लावून पाहिली. रेसनेट-50, 100 वर्ग, बॅच 256, एकूण 20,000 स्टेप्स, कोसाइन लर्निंग रेट. सुरुवातीला `ema = copy.deepcopy(model)` केलं आणि प्रत्येक स्टेपनंतर `parameters()` वर लूप लावून 0.9999 ने सरासरी घेतली. मूळ मॉडेलची व्हॅलिडेशन अचूकता 78%, ईएमएची 1.3%. काय चुकलं? की हे सोडून शेवटच्या चार-पाच चेकपॉइंट्सची साधी सरासरी घेऊ?

उत्तर:

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकमेकांवर चढले आहेत. एक कोडमधला आहे, दुसरा 0.9999 या आकड्यातला. पहिला दुरुस्त केलात की अचूकता एकदम वर येईल आणि सगळं सुटलं असं वाटेल. पण दुसरा तसाच राहिला तर ईएमए मूळ मॉडेलच्या मागेच रेंगाळेल, आणि तुम्ही "आमच्याकडे ईएमएचा उपयोग होत नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढाल. म्हणून दोन्ही नीट पाहू.

100 वर्गांत 1.3% म्हणजे जवळजवळ डोळे मिटून मारलेला अंदाज. नुसती सरासरी बिघडली तर मॉडेल कमी-अधिक खालावतं, पण इतकं साफ कोसळलेलं दिसलं की मी आधी बॅचनॉर्मकडे बघतो. `parameters()` फक्त शिकली जाणारी वेट्स देतो. बॅचनॉर्मची चालू सरासरी आणि व्हेरिअन्स बफरमध्ये असतात आणि तुमचा लूप त्यांना स्पर्शच करत नाही. `deepcopy` केलं त्या क्षणी ती सरासरी 0 होती आणि व्हेरिअन्स 1. वीस हजार स्टेप्सनंतरही ईएमएच्या प्रतीत तेच 0 आणि 1 बसलेले आहेत. ट्रेनिंग मोडमध्ये बॅचनॉर्म समोरच्या बॅचचे आकडे वापरतो, पण मूल्यमापनाच्या वेळी या साठवलेल्या आकड्यांवर चालतो. त्यामुळे प्रत्येक थराचं आउटपुट चुकीच्या पट्टीने मोजलं जातं आणि ती चूक थरागणिक साचत जाते. खात्री करायला एक ओळ पुरे:

```python
print(ema.layer1[0].bn1.running_mean.abs().max())
```

उत्तर शून्य आलं तर निदान पक्कं.

मूळ मॉडेलचे बफर ईएमएत कॉपी करणं हा अर्धा उपाय आहे. ते आकडे मूळ वेट्समधून वाहणाऱ्या डेटाचे असतात. सरासरी काढलेली वेट्स वेगळी, म्हणून त्यांच्यातून येणाऱ्या ॲक्टिव्हेशन्सचं वितरणही थोडं वेगळं. ट्रेनिंगच्या अधूनमधून आलेख काढायला कॉपी चालते. अंतिम मॉडेलसाठी मात्र ईएमएच्या वेट्समधून ट्रेनिंग डेटा एकदा फिरवून ते आकडे नव्याने मोजावेत:

```python
from torch.optim.swa_utils import update_bn
update_bn(train_loader, ema, device="cuda")
```

हे फंक्शन जुने आकडे पुसतं आणि लोडरमधल्या सगळ्या बॅचेसची साधी सरासरी घेतं. ग्रेडियंट लागत नाही. डेटा मोठा असेल तर काहीशे बॅचेस देणारा छोटा लोडर दिला तरी काम भागतं. ऑगमेंटेशन ट्रेनिंगमध्ये होतं तेच ठेवा. पायटॉर्चचा तयार `AveragedModel` वापरलात तरी ही पायरी चुकत नाही. त्यात `use_buffers` मुळात `False` असतं आणि तेव्हा सरासरी फक्त वेट्सची होते. लेयरनॉर्म किंवा ग्रुपनॉर्म वापरणाऱ्या मॉडेलला असे साठवलेले आकडेच नसतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरवर काम करणाऱ्यांना हा त्रास सहसा भेटत नाही. ईएमएचा कोड एका प्रकल्पातून दुसऱ्यात उचलून नेताना नेमकी हीच गोष्ट निसटते.

आता आकड्याकडे.

0.9999 ही नुसती सेटिंग नाही, तो एक कालावधी आहे. डिके, म्हणजे प्रत्येक स्टेपला जुन्या सरासरीचा राखलेला वाटा, β असेल तर ईएमएची स्मरणशक्ती साधारण 1/(1−β) स्टेप्सची. 0.999 म्हणजे हजार स्टेप्स, 0.9999 म्हणजे दहा हजार. या कालावधीला मी खिडकी म्हणतो. शेवटच्या एका खिडकीइतक्या स्टेप्समधून सरासरीचा सुमारे 63% वाटा येतो आणि उरलेला 37% त्याहून जुन्या वेट्सचा असतो.

तुमच्या ट्रेनिंगवर हे बसवून पाहा. एकूण 20,000 स्टेप्स, खिडकी 10,000 ची. शेवटी ईएमएमध्ये सुरुवातीच्या वेट्सचा, म्हणजे काहीही न शिकलेल्या रँडम आकड्यांचा वाटा `0.9999^20000` राहतो. ते होतात 0.135. तुमच्या "अंतिम" मॉडेलचा साडेतेरा टक्के भाग निव्वळ रँडम आहे. पहिल्या दहा हजार स्टेप्समधून आणखी सुमारे 23% येतात, आणि त्या काळात कोसाइनचा लर्निंग रेट कमालीच्या निम्म्याहून वर होता, म्हणजे वेट्स जोरात हलत होती. शेवटच्या 2,000 स्टेप्समध्ये लर्निंग रेट कमालीच्या अडीच टक्क्यांखाली येतो आणि मॉडेल खऱ्या अर्थाने स्थिरावतं. त्यांच्या वाट्याला येतात फक्त 18%. जिथे मॉडेल सगळ्यात चांगलं आहे, तिथला आवाजच सरासरीत क्षीण आहे.

मग हा आकडा इतका प्रसिद्ध कसा? 2020 च्या डीडीपीएम या डिफ्यूजन मॉडेलच्या कामात 0.9999 वापरला होता, आणि तिथे सीफार-10 वरचं ट्रेनिंग 8 लाख स्टेप्सचं होतं. त्या लांबीत दहा हजारांची खिडकी म्हणजे सव्वा टक्का. तुमच्याकडे तीच खिडकी निम्मं ट्रेनिंग व्यापते. आकडा एका कोडमधून दुसऱ्या कोडमध्ये गेला, त्यामागची लांबी मागेच राहिली.

माझा अनुभव असा की खिडकी एकूण ट्रेनिंगच्या 5 ते 10 टक्क्यांपासून सुरू करावी आणि मग दोन्ही बाजूंना चाचपून पाहावं. तुमच्यासाठी ती 1,000 ते 2,000 स्टेप्स, म्हणजे β 0.999 ते 0.9995. 0.999 घेतलात तर रँडम सुरुवातीचा वाटा एक अब्जांशाच्या घरात जातो, त्याची चिंताच उरत नाही.

दुसरा मार्ग असा की β सुरुवातीला लहान ठेवून हळूहळू वाढवायचा. टेन्सरफ्लोच्या जुन्या ईएमए क्लासमध्ये यासाठी एक सूत्र आहे आणि मला ते फार आवडतं:

```python
@torch.no_grad()
def update_ema(ema, model, t, beta=0.9999):
    b = min(beta, (1 + t) / (10 + t))
    for e, p in zip(ema.parameters(), model.parameters()):
        e.lerp_(p.float(), 1 - b)
    for e, p in zip(ema.buffers(), model.buffers()):
        e.copy_(p)
```

t शून्य असताना b फक्त 0.1 असतो, त्यामुळे रँडम सुरुवात पहिल्या काही स्टेप्समध्येच धुऊन निघते. पुढे (1+t)/(10+t) हळूहळू 1 कडे सरकतो. इथे 1−b म्हणजे 9/(10+t), म्हणून खिडकी कायम आतापर्यंत झालेल्या स्टेप्सच्या साधारण नवव्या भागाइतकी राहते. ट्रेनिंग लांबलं की खिडकीही आपोआप लांबते. या सूत्राने b ला 0.9999 पर्यंत पोचायला जवळजवळ 90,000 स्टेप्स लागतात. तुमच्या 20,000 व्या स्टेपला तो 0.99955 असेल आणि खिडकी सुमारे 2,200 स्टेप्सची. तुम्ही 0.9999 लिहिलेलं तसंच ठेवलंत तरी हे सूत्र तुम्हाला सांभाळून घेतं. कुणाला त्याच आकड्याने चांगलं मॉडेल मिळालं आणि तुम्हाला नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं: त्यांच्या लायब्ररीत हे सूत्र आत दडलेलं होतं आणि तुमच्या हाताने लिहिलेल्या लूपमध्ये नव्हतं.

कोडमधला `t` ऑप्टिमायझरच्या स्टेप्स मोजतो, हे जपा. ग्रेडियंट अक्युम्युलेशन वापरत असाल आणि ईएमए प्रत्येक छोट्या बॅचला अपडेट होत असेल, तर आठ बॅचेसच्या एका खऱ्या स्टेपमध्ये β आठदा लागतो. 0.999 चा परिणाम 0.992 इतका होतो आणि हजारांची खिडकी सव्वाशेवर येते. उलट, बॅच चौपट करून स्टेप्स चतुर्थांश केल्या तर जुन्या β चा चौथा घात नवा β म्हणून घ्या, म्हणजे खिडकी डेटाच्या मापात तेवढीच राहील.

आता मुळात सरासरीने मॉडेल का सुधारतं, हे समजलं की खिडकी कुठवर ताणायची आणि चेकपॉइंट्सची सरासरी कधी घ्यायची, दोन्ही प्रश्न सुटतात. प्रत्येक बॅचचा ग्रेडियंट थोडा चुकीचा असतो, त्यामुळे वेट्स दरीच्या तळाशी शांत बसत नाहीत, तळाभोवती थरथरत राहतात. थरथरीची सरासरी तळाच्या जवळ येते. 1992 मध्ये पोल्याक आणि जुडिट्स्की यांनी हे काटेकोर गणितात मांडलं आणि त्याआधी 1988 मध्ये रुपर्ट यांनीही. पण ही दरी सगळ्या दिशांना सारखी नसते. काही दिशांना भिंती उभ्या असतात, काही दिशांना जमीन जवळजवळ सपाट. दोन टोकं घेऊन हिशेब करतो, दरी परवलयाच्या आकाराची आणि प्रत्येक स्टेपची चूक स्वतंत्र असं मानून.

उभ्या दिशेत समजा प्रत्येक स्टेपला वेट तळापासूनच्या अंतराच्या 1% इतकं परत ओढलं जातं. तिथे β 0.999 ची ईएमए थरथरीचा व्हेरिअन्स सुमारे 9% वर आणते. सपाट दिशेत ही ओढ 0.01% असेल तर तीच ईएमए व्हेरिअन्स जेमतेम 91% वर आणू शकते. म्हणजे कमाई सगळी उभ्या दिशांत आहे. सपाट दिशांत वेट्स संथपणे पण खरीखुरी पुढे सरकत असतात आणि तिथे ईएमए फक्त मागे राहते, सरासरी एका खिडकीइतक्या स्टेप्सनी. खिडकी वाढवत नेली की उभ्या दिशांतला फायदा मंदावत जातो आणि सपाट दिशांतलं नुकसान वाढत जातं. चांगला β मध्येच कुठेतरी असतो तो यामुळे.

आणखी एक गोष्ट यातूनच निघते. लर्निंग रेट खाली आणला की उभ्या दिशांतली थरथर आपोआप शमते. म्हणजे लर्निंग रेट उतरवणं आणि ईएमए घेणं हे बऱ्याच अंशी एकाच आजारावरचे दोन उपाय आहेत. तुमचा कोसाइन शेवटी शून्यावर येतो, तेव्हा अखेरच्या मॉडेलमध्ये शमवायला फारशी थरथर उरलेलीच नसते. तिथे ईएमएकडून मोठ्या झेपेची अपेक्षा ठेवू नका. डिफ्यूजन मॉडेल्स पुष्कळदा स्थिर लर्निंग रेटवर शिकवली जातात, म्हणून तिथे ईएमए नसेल तर फरक चित्रांत डोळ्यांना दिसतो.

तुमचा चेकपॉइंट्सचा प्रश्न इथेच बसतो. शेवटच्या काही चेकपॉइंट्सची साधी सरासरी ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. 2017 च्या मूळ ट्रान्सफॉर्मरच्या कामात भाषांतराच्या लहान मॉडेलसाठी दहा-दहा मिनिटांनी साठवलेल्या शेवटच्या 5 चेकपॉइंट्सची आणि मोठ्या मॉडेलसाठी शेवटच्या 20 ची सरासरी घेतली होती. ट्रेनिंगच्या लूपला हात लावावा लागत नाही, जास्तीची मेमरी लागत नाही आणि किती चेकपॉइंट घ्यायचे ते नंतर ठरवता येतं. ईएमएचा β मात्र आधीच ठरवावा लागतो.

पण तुमच्याकडे 18,000 पासून दर 500 स्टेप्सला घेतलेले पाच चेकपॉइंट एकमेकांपासून फार वेगळे नसणार, कारण त्या टप्प्यात लर्निंग रेट जवळजवळ संपलेला आहे. सारख्याच गोष्टींची सरासरी काढून काय हाती लागणार? मागे जाऊन 10,000 पासूनचे चेकपॉइंट घेतलेत तर वेगळेपण मिळेल, पण अजून न शिकलेली मॉडेल्सही मिसळतील. चेकपॉइंट सरासरीला खरा वाव द्यायचा असेल तर लर्निंग रेट शेवटी शून्यावर न नेता मध्यम पातळीवर स्थिर ठेवा आणि त्या टप्प्यातले चेकपॉइंट घ्या. 2018 मध्ये इझमाइलोव्ह आणि सहकाऱ्यांनी मांडलेली एसडब्ल्यूए ही पद्धत हेच करते: लर्निंग रेट स्थिर किंवा चक्राकार ठेवून वेट्सना दरीत फिरू देते आणि त्या फेरफटक्याची सरासरी घेते. यात एकटा चेकपॉइंट कोसाइनने शिकवलेल्या मॉडेलपेक्षा वाईट दिसतो. त्याने घाबरू नका, मोजायची ती सरासरी.

कोणते चेकपॉइंट एकत्र करण्याजोगे आहेत हे ओळखायची सोपी कसोटी आहे. दोन चेकपॉइंट घ्या, वेट्सचा बरोबर मध्य काढा, बॅचनॉर्म नव्याने मोजा आणि व्हॅलिडेशन लॉस पाहा. मध्याचा लॉस दोघांपेक्षा कमी आला तर ते एकाच दरीच्या दोन बाजूंना आहेत, सरासरी घ्याच. दोघांच्या मध्ये कुठेतरी आला तर वेट्स अजून एका दिशेने सरकत आहेत आणि जुना चेकपॉइंट नव्याला मागे ओढेल. दोघांपेक्षा जास्त आला तर मध्ये टेकडी आहे, ते चेकपॉइंट मिसळू नका. वेगवेगळ्या रँडम सुरुवातींपासून शिकवलेल्या दोन मॉडेल्सची थेट सरासरी बहुधा निरुपयोगी निघते ती याच कारणाने. दोघांनी तेच शिकलं तरी न्यूरॉन्सचा क्रम वेगळा असतो आणि पहिल्याचा सातवा न्यूरॉन दुसऱ्याच्या सातव्याशी काही नातं ठेवत नाही.

सरासरी काढताना दशांश टेन्सर आणि पूर्णांक बफर वेगळे हाताळा. `num_batches_tracked` सारख्या मोजणीची सरासरी घेऊन काही साधत नाही:

```python
states = [torch.load(p, map_location="cpu")["model"] for p in paths]
avg = {}
for k, v in states[-1].items():
    if v.is_floating_point():
        avg[k] = (sum(s[k].double() for s in states) / len(states)).to(v.dtype)
    else:
        avg[k] = v
```

यानंतरही `update_bn` करायचंच.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा ठेवेन. आहे त्याच ईएमए फाइलवर आधी `update_bn` चालवा. पुन्हा ट्रेनिंग न करता कळेल की कोसळण्याचा किती भाग बॅचनॉर्मचा होता. जी तूट उरेल तिच्यात खिडकीचा मोठा हात आहे. मग वरच्या सूत्राने पुन्हा ट्रेनिंग करा आणि जमल्यास दोन ईएमए सोबत ठेवा, एक 0.999 ची आणि एक 0.9995 ची. रेसनेट-50 मध्ये अडीच कोटींच्या आसपास वेट्स आहेत, म्हणजे 32 बिटांत प्रत्येक प्रत सुमारे 100 एमबी. एवढ्या खर्चात β चा प्रश्न अंदाजाऐवजी मोजून सुटतो. चेकपॉइंटमध्ये मूळ वेट्स, ईएमएची वेट्स, ऑप्टिमायझरची स्थिती आणि `t`, चारही साठवा. ट्रेनिंग मध्येच थांबून पुन्हा सुरू करताना ईएमएची वेट्स मूळ मॉडेलमध्ये भरली गेली तर ऑप्टिमायझरचा मोमेंटम एका जागेचा आणि वेट्स दुसऱ्या जागेची अशी गाठ पडते.

ईएमए 32 बिटांतच ठेवा, मूळ मॉडेल बीएफ16 मध्ये असलं तरी. याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे: ईएमएचा लॉस काही काळ उतरला आणि मग एका आकड्यावर खिळला, मूळ मॉडेल मात्र सुधारतच होतं. बीएफ16 मध्ये शेजारच्या दोन आकड्यांत 0.4 ते 0.8 टक्क्यांचं अंतर असतं. β 0.9999 असेल तर एका अपडेटमध्ये ईएमए मूळ वेटपासूनच्या फरकाच्या फक्त दहा हजाराव्या भागाइतकी सरकते. तेवढा बदल त्या अंतरापुढे फारच लहान पडतो, गोल होऊन शून्य होतो आणि ईएमए गोठते. हजार स्टेप्सच्या अंतराने घेतलेल्या दोन ईएमए प्रती वजा करून पाहा. बहुतेक फरक अगदी बरोबर शून्य आले तर हाच प्रकार आहे.

अचूकतेच्या आलेखात नेहमी दोन्ही रेषा काढा, मूळ आणि ईएमए. सगळं जागेवर असेल तर पहिल्या काही टप्प्यांनंतर ईएमएची रेषा मूळ रेषेच्या वर दिसेल आणि तिच्यातले खाचखळगे नाहीसे झालेले असतील. लर्निंग रेट चढा असताना दोघींमधलं अंतर सगळ्यात जास्त असेल. मग कोसाइन उतरू लागला की मूळ रेषा झपाट्याने वर येऊन ईएमएला गाठेल. तिने ईएमएला मागे टाकलं तर खिडकी अजूनही लांब आहे, β आणखी कमी करा.